ऑफ-पीक म्हणजे साडेनऊनंतर कुठलीही ट्रेन?

"यूकेत ऑफ-पीक तिकीट काढलं की सकाळी साडेनऊनंतर कुठलीही ट्रेन चालते ना?"

नाही हो, ऑफ-पीक म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून चालणारं तिकीट, पण साडेनऊचा असा एकच नियम देशभर नाहीये, वेळ तिकिटागणिक बदलते आणि लंडनहून निघणाऱ्या काही तिकिटांना तर संध्याकाळच्या गर्दीतही बंदी असते. तिकिटावर दोन अक्षरांचा कोड असतो, समजा B1, तर nationalrail.co.uk/B1 उघडायचं, नेमक्या वेळा तिथेच कळतात. रूट पण बघा, Not via London छापलं असेल तर लंडनमार्गे जाता येत नाही, वेळ बरोबर असली तरी. ऑफ-पीकवर चुकीच्या वेळी चढलात तर बहुतेकदा फरक भरून भागतं, ॲडव्हान्स, म्हणजे ठरावीक ट्रेनसाठी आधी काढलेल्या तिकिटावर मात्र ठरलेलीच ट्रेन, स्वतःच्या उशिरामुळे चुकली तर नवं तिकीट. पण आधीची जोडगाडी लेट झाल्याने चुकली तर त्याच कंपनीची पुढची चालते.