सामान मर्यादा : नगावर आणि वजनावर

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात पोटात टाकायच्या सामानाची, म्हणजे चेक-इन बॅगांची, मोफत मर्यादा दोन पद्धतींनी ठरते. नगाच्या पद्धतीत बॅगा किती हे ठरलेले असते आणि प्रत्येक बॅगेला वेगळी वजनमर्यादा असते. इकॉनॉमीत ती बहुधा 23 किलो. लांबी, रुंदी व उंचीची बेरीज साधारण 158 सेंटीमीटरपर्यंत चालते. वजनाच्या पद्धतीत सगळ्या बॅगांचे मिळून वजन पाहतात. मात्र कोणतीही एक बॅग 32 किलोंच्या वर नको, कारण ती उचलणारी माणसेच असतात. तिकिटावर `2PC` असेल तर नग, `30K` असेल तर किलो.

गोव्यातून आखाताकडे जाणाऱ्याला बहुधा वजनाची पद्धत भेटते, तर अमेरिका-कॅनडाकडे नगाची. कंपनी तीच असली तरी मार्ग बदलला की पद्धत बदलू शकते, म्हणून कंपनीच्या नावावरून अंदाज बांधू नये.

आखाताला निघालेल्या डिचोलीच्या माणसाकडे कपड्यांची 14 किलोंची बॅग, आमसुले-काजूगरांचा 9 किलोंचा खोका आणि 7 किलोंची पिशवी आहे असे धरू. `30K` वर तिन्ही फुकट जातात. `2PC` वर मर्यादा 46 किलोंची असूनही तिसऱ्या नगाचे पैसे पडतात. खोका आणि पिशवी एकत्र बांधली तरच सुटका. उलट चूकही होते. `2PC` वर 27 आणि 17 किलोंच्या बॅगा नेल्या, तर बेरीज 44 असली तरी पहिली बॅग जड ठरते. मग काउंटरसमोर फरशीवर बॅग उघडून 4 किलो इकडचे तिकडे करावे लागतात. घरी तराजूवर प्रत्येक बॅग वेगळी तोलली तर हे टळते. बारीकसारीक पुडकी असतील तर वजनाची पद्धत सोयीची. दोन मोठ्या बॅगा भरून शिकायला जाणाऱ्याला नगाची.

गोवेकराला खरा फटका बसतो तो जोडप्रवासात. मोपा किंवा दाबोळीहून मुंबई आणि तिथून टोरांटो असा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर साधारणपणे `2PC` ची मर्यादा गोव्यापासूनच लागू होते. मुंबईपर्यंतचे स्वस्त तिकीट वेगळे काढले, तर त्या टप्प्याला देशांतर्गत मर्यादा लागते, इकॉनॉमीत बऱ्याचदा 15 किलो. 46 किलो सामान असलेल्याला 31 किलोंचे जादा भाडे किलोप्रमाणे भरावे लागते, शिवाय मुंबईत बॅगा उतरवून पुन्हा चेक-इन करायच्या. वेगळ्या तिकिटात वाचलेले पैसे या 31 किलोंच्या भाड्याशी ताडून पाहावेत आणि मगच कंपनी निवडावी.

कुटुंब एकाच बुकिंगवर असेल तर वजनाच्या पद्धतीत अनेक कंपन्या सगळ्यांचे किलो एकत्र धरतात. नगाच्या पद्धतीत बॅगांची संख्या वाटून घेता येते, एका बॅगेचे उरलेले किलो दुसरीला देता येत नाहीत.