भिंतीवरील प्रक्षेपण

भिंतीवरील प्रक्षेपण : पडदा न लावता रंगवलेल्या भिंतीवर प्रोजेक्टरने चित्र पाडण्याची पद्धत. तिचा आरंभ नेमका सांगता येत नाही. प्रोजेक्टरचा पूर्वज असलेल्या जादूच्या कंदिलाचे श्रेय जुने संदर्भग्रंथ जर्मन जेझुइट किर्खर याला देत. मात्र भिंतीवर पडलेले चित्र दाखवणारी प्रसिद्ध आकृती त्याच्या ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तीतली आहे, तर डच शास्त्रज्ञ हायगेन्सची कंदिलासाठी काढलेली रेखाटने १६५९ च्या सुमाराची आहेत. त्यामुळे हायगेन्सचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मुंबई परिसरात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ करीत. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली.

भिंत आपल्यावर पडलेल्या प्रकाशातील तांबडा, हिरवा आणि निळा भाग वेगवेगळ्या प्रमाणात परत फेकते. चित्राचा रंग या प्रमाणांवर ठरतो. मॅट पांढरी भिंत तिन्ही रंगांचा सुमारे ८५ टक्के भाग परतवते, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यापेक्षा ती फारशी मागे नसते. चमकदार इमल्शनवर मात्र प्रोजेक्टरच्या दिव्याचा उजळ डाग दिसतो.

पांढरी भिंत बरी की करडी, हा जुना वाद आहे. करड्या भिंतीने काळा रंग गडद दिसतो हे खरे, पण पांढराही त्याच प्रमाणात मंदावतो. समोरच्या इमारतीतील ट्यूबलाइटचा उजेड थेट भिंतीवर पडत असेल, तर मॅट करड्या रंगाने काळ्या-पांढऱ्यातील गुणोत्तर बदलत नाही. फायदा होतो तो दुसऱ्या वाटेने. चित्राचा उजेड पांढऱ्या पीओपीच्या छतावर जाऊन पुन्हा भिंतीवर येतो, आणि या फेऱ्यात भिंतीचे परावर्तन दोनदा मोजले जाते. परावर्तन ८५ वरून ६० टक्क्यांवर आणले, तर या कारणाने उतरलेले काळ्या-पांढऱ्यातील गुणोत्तर सुमारे ४० टक्क्यांनी सुधारते. उजळपणा मात्र ३० टक्के जातो. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत छत आणि बाजूच्या भिंती जवळ असल्याने हा परिणाम जाणवतो. तरी प्रोजेक्टर मंद असेल तर पांढराच रंग बरा. करडा रंग घ्यायचाच, तर पांढऱ्यात नुसता काळा स्टेनर घालू नये. छटा निळसर येते, ती मारायला किंचित पिवळा स्टेनर लागतो.

भाड्याच्या घरात भिंत क्रीम रंगाची असते आणि रंगवायची मुभा नसते, तेव्हा छटादुरुस्ती करावी लागते. समजा, ही भिंत तांबडा ८०, हिरवा ७४ आणि निळा ५८ टक्के परतवते. निळा कमी पडतो. पण प्रोजेक्टर निळा आधीच पूर्ण जोमाने देत असल्याने तो वाढवता येत नाही. म्हणून बाकीचे दोन निळ्याच्या पातळीला उतरवायचे: तांबडा ५८/८० म्हणजे ०.७३ पट, हिरवा ५८/७४ म्हणजे ०.७८ पट. पांढऱ्याचा उजळपणा ७४ वरून ५८ टक्क्यांवर येतो, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त उजेड गमवावा लागतो. ही प्रमाणे प्रकाशाची आहेत. प्रोजेक्टरच्या मेनूतील `R Gain` आणि `G Gain` बहुधा गॅमापूर्वीच्या, म्हणजे प्रकाशात रूपांतर होण्याआधीच्या संकेतावर काम करतात, गॅमा २.२ धरल्यास तिथे तांबडा सुमारे १४ आणि हिरवा १० टक्केच उतरवायचा असतो. हे न कळल्याने पुष्कळदा दुरुस्ती अति होते आणि चित्र निळे पडते. अनेक प्रोजेक्टरांत `Wall Color` मध्ये `Light Yellow` असा तयार पर्याय असतो. तो अंदाजी असला तरी सुरुवातीला पुरतो.

भिंत मोजायचे यंत्र नसेल, तर नळाच्या जोडणीला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दहा-बारा पदर करून भिंतीवर चिकटवावी. खोलीत अंधार करून तिच्यावर आणि भिंतीवर एकच पांढरे चित्र पाडावे आणि दुरुस्तीपूर्वी टेपवरचा रंग डोळ्यांत ठेवावा. मग भिंत त्या रंगाची दिसेपर्यंत मूल्ये बदलावीत. त्या वेळी टेप निळसर दिसू लागते, तो दोष नव्हे. कागद वापरू नये, कारण त्यात शुभ्रतेसाठी घातलेली उजळक रसायने निळसर चमकू शकतात. गडद खोलीत डोळा सौम्य क्रीम छटेला काही मिनिटांत सरावतो, त्यामुळे फिकट रंगावर काही जण दुरुस्ती न करता उजेड वाचवतात. ते अयोग्य नाही.

दुरुस्तीची मर्यादा काळ्यात उघडी पडते. खिडकीतून आलेला उजेड प्रोजेक्टरच्या ताब्यात नसतो. तो क्रीम भिंतीवरून पिवळसरच परततो. म्हणून पांढरे नीट जुळूनही रात्रीच्या दृश्यातील सावल्या तपकिरी दिसतात. त्यावर जाड पडदाच उपाय. गडद गुलाबी वा हिरव्या भिंतीवर दुरुस्तीपायी इतका उजेड जातो की ती रंगवणेच सोयीचे.

रंगवण्यापूर्वी अंधारात बॅटरी भिंतीला चिकटवून तिरपा झोत टाकला की पुट्टीचे उंचसखल भाग सावल्यांनी कळतात. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर नवा रंग लावल्यास पोपडे धरतात. ती पूर्ण वाळू द्यावी. जुन्या ऑइलपेंटच्या भिंती काळाने पिवळ्या पडतात, त्यामुळे त्यांवर केलेली छटादुरुस्ती अधूनमधून पुन्हा तपासावी लागते.