विहिरीचे पाणी कुठले आणि कधीचे? ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांच्यातला फरक

माहीममधल्या एका जुन्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात दगडी बांधणीची गोल विहीर आहे आणि तिचे पाणी ऐन मे महिन्यातही तळाला जात नाही. त्यावरून संस्थेच्या सभेत दोन तट पडले होते. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की विहिरीला जिवंत झरा आहे आणि हे पाणी फार जुने, खोलवरचे आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की रस्त्याखालची जलवाहिनी गळते आहे आणि आपण नळाचेच पाणी विहिरीतून उपसतो आहोत. कोणीतरी सुचवले की पाण्याची ‘आयसोटोप टेस्ट’ करून घ्यावी, म्हणजे पाण्याचे वय कळेल. भूजलाच्या कामामुळे मला त्या सभेला बोलावले होते आणि तिथे लक्षात आले की वाद एका प्रश्नाचा होता आणि सुचवलेली चाचणी दुसऱ्याच प्रश्नाची होती.

पाणी कुठून आले आणि पाणी कधी जमिनीत शिरले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गोंधळ होतो, कारण दोन्हींची उत्तरे हायड्रोजनच्याच जड भावंडांकडे, म्हणजे त्याच्या आयसोटोपांकडे किंवा समस्थानिकांकडे आहेत. साध्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन असतो, ड्युटेरियममध्ये त्याच्या जोडीला एक न्यूट्रॉन असतो आणि ट्रिटियममध्ये दोन. ड्युटेरियम स्थिर आहे, म्हणजे ते आज जितके आहे तितकेच हजार वर्षांनीही राहील. ट्रिटियम किरणोत्सारी आहे आणि दर १२.३ वर्षांनी निम्मे होते. जे कधीच कमी होत नाही त्याला घड्याळ म्हणून वापरता येत नाही, पण ओळखीची खूण म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. ड्युटेरियम आणि त्याच्या जोडीने मोजले जाणारे ऑक्सिजनचे स्थिर, जड समस्थानिक ऑक्सिजन-१८ हे उगम सांगतात, तर ट्रिटियम वय सांगते.

ड्युटेरियम अगदीच विरळ असते असे नाही. समुद्राच्या पाण्यात साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्युटेरियमचा असतो आणि सुमारे ५०० ऑक्सिजन अणूंमागे एक ऑक्सिजन-१८ असतो. पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी उडतात आणि जड रेणू मागे राहतात. वाफेचा पाऊस होताना उलट जड रेणू आधी खाली येतात. त्यामुळे प्रत्येक पाण्यातले जड अणूंचे प्रमाण थोडे वेगळे होते. हा फरक ठरावीक प्रमाणित समुद्रजलाच्या तुलनेत हजारात किती, असा मोजतात आणि त्याला डेल्टा मूल्य म्हणतात. मूल्य उणे असले तर पाणी त्या समुद्रजलापेक्षा हलके, अधिक असले तर जड. १९६१ मध्ये हार्मन क्रेग यांनी दाखवले की जगभरच्या पावसाची ड्युटेरियमचे δ²H आणि ऑक्सिजन-१८ चे δ¹⁸O ही दोन डेल्टा मूल्ये आलेखावर मांडली की ती साधारण एकाच सरळ रेषेवर पडतात:

δ²H = 8 × δ¹⁸O + 10

या पर्जन्यरेषेचा खरा उपयोग तिच्यापासून ढळलेल्या पाण्यामुळे होतो. तलावात महिनोन्‌महिने उघड्यावर पडून राहिलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होते, तेव्हा ते रेषेवरून वर न सरकता तिच्या उजवीकडे, साधारण चार ते सहा इतक्या कमी चढाच्या वाटेने जाते. मुंबईच्या बाबतीत ही गोष्ट मोलाची आहे. आपल्या नळाला भातसा, वैतरणा, तानसा, विहार, तुळशी अशा जलाशयांचे पाणी येते, आणि मे महिन्यात नळातून येणारे पाणी हा गेल्या पावसाळ्यानंतर कित्येक महिने उन्हात उभा राहिलेला पाऊस असतो. माहीमच्या जमिनीत थेट मुरलेल्या पावसावर उन्हाची ही छाप पडलेली नसते. म्हणजे जलवाहिनीचे पाणी आणि मुरलेला पाऊस यांच्यात फरक करण्याची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्षात ते त्या जागेच्या नमुन्यांवरूनच घ्यावे लागतात. समजा, पावसाळ्यात मुरलेल्या पाण्याचे ऑक्सिजनचे मूल्य उणे २ आणि ड्युटेरियमचे उणे ६ आहे. हे पाणी पर्जन्यरेषेवर बरोबर बसते. मे महिन्यातल्या नळाच्या पाण्याची मूल्ये अधिक ०.५ आणि अधिक ६.५ आहेत. त्याच आठवड्यात विहिरीतून काढलेल्या पाण्याची उणे १ आणि उणे १ आली. ऑक्सिजनच्या मापाने पाऊस आणि नळ यांच्यातले अंतर २.५ आहे आणि विहीर पावसापासून १ ने सरकली आहे, म्हणजे सुमारे ४० टक्के. ड्युटेरियमच्या मापाने एकूण अंतर १२.५ आणि विहिरीचे सरकणे ५, म्हणजे पुन्हा ४० टक्के. दोन्ही मापे एकच उत्तर देत असतील तर विहिरीत दोन पंचमांश पाणी तलावांचे आहे, असे म्हणायला आधार मिळतो.

पण इथे घाईने निकाल देऊ नये, कारण याच उत्तराला तीन ठिकाणी दगा होऊ शकतो. पहिला दगा खुद्द विहिरीकडून होतो. उघड्या तोंडाच्या, उपसा बंद असलेल्या विहिरीत वरच्या पाण्याचे बाष्पीभवन होतच असते आणि त्याची वाट तलावाच्या पाण्यासारखीच असते. पृष्ठभागावरून बादली बुडवून नमुना घेतला तर गळती नसतानाही गळती दिसेल. म्हणून आधी पंप लावून साचलेले पाणी काढून टाकायचे, झिरपून आलेले ताजे पाणी खालून घ्यायचे आणि सोबत क्लोराइडही मोजायचे. बाष्पीभवनाने क्लोराइड वाढते, कारण मीठ उडून जात नाही. याउलट नळाच्या पाण्यात क्लोराइड कमी असते, त्यामुळे गळतीचे पाणी मिसळले तर विहिरीचे क्लोराइडही उतरते.

दुसरा मुद्दा समुद्राचा. माहीमसारख्या ठिकाणी पाणी मचूळ लागले की शंका लगेच समुद्रावर जाते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते. विहिरीत ते दोन टक्के जरी शिरले तरी क्लोराइड ३८० मिलिग्रॅमने वाढते आणि चव बिघडते. पण समुद्राचे डेल्टा मूल्य शून्याच्या आसपास असल्याने ऑक्सिजनचे मूल्य मात्र ०.०४ इतकेच हलते, आणि तेवढा फरक मापनातल्या नेहमीच्या चुकीत बुडून जातो. क्लोराइड बरेच वाढले आणि डेल्टा मूल्य जागचे हलले नाही, तर समुद्राचा संशय धरावा. दोन्ही वाढली असतील तर बाष्पीभवनाचा.

तिसरा मुद्दा सभेत कोणाच्याच मनात आला नव्हता आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. आपल्या घरांतून गटारात जाणारे सांडपाणी हे मुळात नळाचेच पाणी असते. त्याची ड्युटेरियम आणि ऑक्सिजनची मूल्ये नळाच्या पाण्याइतकीच असतात, त्यामुळे जलवाहिनी गळते आहे की मलवाहिनी, हे स्थिर समस्थानिके सांगू शकत नाहीत. क्लोरीनचा वास येत नाही म्हणून जलवाहिनीला निर्दोष ठरवणेही चूक, कारण क्लोरीन मातीतून जाताना टिकत नाही. इथे नायट्रेट आणि ई. कोलाय जिवाणूंची तपासणी करावीच लागते, आणि ती होईपर्यंत विहिरीचे पाणी तोंडाला लावू नये.

मग ट्रिटियमचे काय? त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की त्याच्यासाठी निराळे एकक वापरतात: १ वर १८ शून्ये इतक्या हायड्रोजन अणूंमध्ये ट्रिटियमचा एक अणू म्हणजे एक ट्रिटियम एकक. वैश्विक किरणांमुळे ते वातावरणात थोडे थोडे तयार होत असते आणि पावसाबरोबर जमिनीत जाते. जमिनीत शिरल्यावर नवा पुरवठा थांबतो आणि घट सुरू होते. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी वातावरणात त्याचा मोठा लोट आला. १९६३ मध्ये तो शिगेला पोहोचला आणि त्याच वर्षीच्या चाचणीबंदी करारानंतर ओसरत गेला. मुंबईतल्या पावसाचे नमुनेही आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांच्या संयुक्त जाळ्यात त्या काळी गोळा झाले होते, आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात समस्थानिकांवर आधारलेल्या भूजल अभ्यासाची जुनी परंपरा आहे.

माहीमच्या विहिरीत ट्रिटियम मोजले असते तर काय मिळाले असते? मुरलेला पाऊस ताजा, आणि तलावाचे पाणीही गेल्या एक-दोन पावसाळ्यांचे, म्हणून तेही ताजेच. दोन्हींत ट्रिटियम जवळजवळ सारखे. ते सभेचा वाद सोडवू शकले नसते. फक्त ज्येष्ठ सभासदांच्या ‘फार जुने पाणी’ या म्हणण्यापुरते त्याच्याकडून उत्तर मिळाले असते.

ट्रिटियमचे काम खरे तर त्याच आवारातल्या खोल बोअरवेलपाशी सुरू होते. मुंबईखालच्या बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः भेगांत आणि दोन लाव्हाथरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत असते, आणि खोल भेगेतले पाणी दशकानुदशके जागचे न हललेले असू शकते. समजा, आजच्या पावसात ३ एकके आहेत आणि बोअरवेलमध्ये ०.३ आली. दहापट घट म्हणजे सव्वातीनपेक्षा थोडी अधिक अर्धायुष्ये, म्हणजे सुमारे ४१ वर्षे. हिशोब सरळ दिसतो, पण त्यात दोन खोटी गृहीतके आहेत. एक, ४१ वर्षांपूर्वीच्या पावसातही ३ एककेच होती, असे आपण धरले. प्रत्यक्षात बॉम्बचाचण्यांचे अवशेष तेव्हा अधिक होते. दोन, सगळे पाणी एकाच वयाचे आहे, असे धरले. चाचण्यांपूर्वीच्या, ट्रिटियम जवळपास संपलेल्या ९० टक्के पाण्यात १० टक्के ताजे पाणी मिसळले तरी आकडा ०.३ च येतो, आणि बोअरवेल जितक्या जास्त भेगांमधून पाणी ओढते तितकी ही शक्यता वाढते. अशा वेळी ट्रिटियमच्या क्षयातून तयार होणारा हीलियम-३ वायूही मोजला, तर मूळ ट्रिटियम किती होते ते काढता येते आणि पावसाच्या इतिहासाचा अंदाज बांधावा लागत नाही.

या दोन मोजमापांचा खटाटोपही सारखा नाही. स्थिर समस्थानिकांसाठी छोटी बाटली काठोकाठ भरून, आत बुडबुडा न ठेवता, घट्ट बंद केली की झाले, कारण झाकण सैल राहिले तर बाटलीतच बाष्पीभवन होऊन आकडा खोटा पडतो; लेझरवर चालणारे उपकरण असा नमुना थोड्या वेळात मोजते. ट्रिटियमसाठी साधारण अर्धा ते एक लिटर पाणी लागते, ते विद्युत अपघटनाने आटवून त्यातले ट्रिटियम दाट करावे लागते आणि मग त्यातून निघणारे क्षीण किरण तासन्‌तास मोजावे लागतात. म्हणून मी संस्थेला असा सल्ला दिला की विहीर, नळ आणि बोअरवेल यांचे स्थिर समस्थानिकांचे नमुने मे महिन्यात घ्यावेत, विहिरीचा आणि नळाचा नमुना पावसाळ्यानंतर पुन्हा घ्यावा, गच्चीवर पावसाचे पाणी महिन्यामहिन्याने साठवावे, आणि ट्रिटियमवरचा खर्च फक्त बोअरवेलसाठी राखून ठेवावा.