लंजमधलं पाऊल किती लांब टाकावं?

पुण्यात तळजाई किंवा हनुमान टेकडीवर सकाळी व्यायाम करणाऱ्यांकडे नीट पाहिलं, तर लंजेस, म्हणजे एक पाऊल पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जाण्याचा व्यायाम, दोन तऱ्हांनी घातले जाताना दिसतात. काहीजण आखूड पाऊल टाकतात आणि त्यांचा पुढचा गुडघा बोटांच्याही पुढे जातो. काहीजण चांगलं लांब पाऊल टाकतात आणि त्यांची नडगी जवळजवळ उभी राहते. दोन्हीला नाव एकच, पण पुढच्या पायातली मेहनत सारखी वाटली जात नाही. 'ग्लूट्ससाठी, म्हणजे नितंबांसाठी, लंजेस करतेय, पण भरून येतात मांड्याच' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

कारण समजायला एकच रेषा डोळ्यांपुढे आणायची. लंजमध्ये खाली गेल्यावर पुढच्या पावलाखालची जमीन आपल्याला वर ढकलत असते. जिथे पावलावर भार आहे तिथून या ढकलण्याची रेषा वर निघते आणि पुढची मांडी जवळजवळ आडवी असल्यामुळे तिला मध्येच कुठेतरी छेदते. छेदाच्या पुढे गुडघा राहतो, मागे खुबा. गुडघ्यापासून रेषेपर्यंतचं अंतर जेवढं जास्त, तेवढा गुडघा सावरायला क्वाड्सना, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंना, जोर लावावा लागतो. खुब्यापासूनचं अंतर जेवढं जास्त, तेवढा जोर नितंबाच्या मोठ्या स्नायूवर आणि त्याच्या जोडीदारांवर येतो. मांडीची लांबी काही बदलत नाही. त्यामुळे एका बाजूचं अंतर कमी झालं की दुसऱ्या बाजूचं तेवढंच वाढतं.

आता एक उदाहरण आकड्यांत मांडू. ५८ किलो वजनाची एक बाई आहे, तिची मांडी गुडघ्यापासून खुब्यापर्यंत ४० सेंटिमीटर. लंजच्या तळाशी पुढच्या पायावर ४० किलो भार आहे आणि उरलेला मागच्या पायावर, असं धरू. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सर्रास दिसणारी दोन बाय दोन फुटांची फरशी मोजायला सोयीची आहे. पुढच्या घोट्यापासून मागच्या चवड्यापर्यंत एक फरशी भरली तर ते तिचं आखूड पाऊल, दीड फरशी भरली तर लांब.

आखूड पावलात नडगी पुढे झुकते आणि भार पावलाच्या मध्यावर असतो. रेषा गुडघ्याच्या साधारण १४ सेंटिमीटर मागून जाते, म्हणजे खुब्याच्या वाट्याला २६ उरतात. लांब पावलात नडगी उभी राहते आणि भार टाचेकडे सरकतो. आता गुडघ्याचं अंतर ५ सेंटिमीटर आणि खुब्याचं ३५. या हिशोबावर थांबलं तर क्वाड्सचं काम जवळजवळ एक तृतीयांशावर आलं असं म्हणावं लागेल.

पण शरीर इतका सरळ हिशोब देत नाही, आणि मला या विषयातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. पाय फाकलेले असतात तेव्हा पुढचं पाऊल पुढे घसरू पाहतं. घर्षणामुळे जमीन ते मागे धरून ठेवते. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून लांब लंज घातला की हे लगेच कळतं, कारण पाऊल खरोखरच पुढे सटकतं. या मागच्या ओढीमुळे जमिनीची ती रेषा सरळ उभी न राहता वर जाताना मागे कलते. पाऊल जितकं लांब तितका कल जास्त. लांब पावलात हा कल गुडघ्याच्या उंचीपर्यंत ५ सेंटिमीटर भरला आणि आखूड पावलात १, असं समजा. मग आखूड पावलाची वाटणी १५ आणि २५ अशी होते, लांब पावलाची १० आणि ३०. फरक उरतो, पण बराच मवाळ होतो. क्वाड्सचं काम तिसऱ्या हिश्शाने घटतं, खुब्याचं पाचव्या हिश्शाने वाढतं.

मवाळ म्हणून हा फरक किरकोळ नाही. क्वाड्सचा जोर गुडघ्याच्या वाटीवरून खाली नडगीला पोचतो आणि सांध्याच्या मध्यापासून त्याचं अंतर जेमतेम ४ सेंटिमीटर असतं. ४० किलोचा भार १५ सेंटिमीटरवर तोलायचा तर त्या स्नायूंना १५० किलोएवढा ताण निर्माण करावा लागतो. तोच भार १० सेंटिमीटरवर असेल तर १०० किलो पुरतात. वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते ती या ताणाने. संशोधक एस्कामिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आखूड आणि लांब पावलांच्या लंजची तुलना केली, तेव्हा गुडघा खोल वाकल्यावर वाटीमागचा दाब आखूड पावलात जास्त आढळला. सिंहगड उतरताना ज्यांचा गुडघा वाटीपाशी दुखतो, त्यांना लांब पाऊल सहसा जास्त मानवतं ते यामुळेच.

तरीही लांब पावलात क्वाड्स निवांत होत नाहीत. खुबा सरळ करण्याचं काम नितंबाचा स्नायू एकटा करत नाही, मांडीमागचे हॅमस्ट्रिंग्जही त्याला हात देतात. पण हॅमस्ट्रिंग्ज गुडघ्याच्या खालपर्यंत जातात आणि आवळले की गुडघा वाकवू पाहतात. ती ओढ मोडून काढायला क्वाड्सना आणखी थोडा जोर लावावा लागतो. म्हणून लांब पाऊल टाकल्यावर 'आता फक्त ग्लूट्स' अशी अपेक्षा धरणं चूक आहे.

कंबरेवरचं शरीर कसं धरलंय हेही पाहायला हवं. पाठ सरळ ठेवून खुब्यातून थोडं पुढे झुकलं तर भार पुढच्या पायावर येतो आणि नितंबाचा स्नायू जास्त ताणलेल्या अवस्थेतून काम करतो. फरोखी आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्याच अभ्यासात धड पुढे झुकवल्यावर नितंबाच्या आणि हॅमस्ट्रिंगच्या स्नायूंची विद्युत हालचाल वाढलेली दिसली. लांब पाऊल टाकून धड मात्र मागे रेललेलं असेल, तर जे मिळवायला पाऊल लांबवलं त्यातलं बरंचसं हातचं जातं. मागच्या पायावर भार सरकतो आणि त्याच्याच मांडीचा पुढचा भाग पेटतो.

पाऊल गरजेपेक्षा लांब झालं की ते मागच्या पायाकडे पाहून ओळखता येतं. मागच्या खुब्याच्या पुढचे स्नायू ताणाच्या टोकाला पोचले की ओटीपोट पुढे कलंडतं आणि कंबरेत खोल बाक येतो. बाहेरून तो लंज ऐसपैस दिसतो, पण खुबा पुरेसा वाकलेलाच नसतो. उलट फार आखूड पावलात पुढची टाच उचलली जाते, कारण घोट्याला तेवढं वाकता येत नाही, आणि तोल चवड्यावर डुगडुगायला लागतो.

त्यामुळे माझ्या मते फरशा मोजण्यापेक्षा तळाशी क्षणभर थांबून पुढची नडगी बघणं बरं. मांडी आणि नडगीची लांबी प्रत्येकाची वेगळी असते. कुणाची दीड फरशी दुसऱ्यासाठी फार लांब असू शकते, पण नडगीचा कल सगळ्यांना सारखाच वाचता येतो. नितंबांवर भर हवा असेल तर नडगी उभी, टाच घट्ट टेकलेली आणि धड किंचित पुढे. ज्याला मुद्दाम क्वाड्सच कमवायचे आहेत आणि ज्याचा गुडघा कुरकुरत नाही, त्याने पाऊल आखडावं, टाच टेकलेली ठेवावी आणि गुडघा खुशाल बोटांच्या पुढे जाऊ द्यावा.