दूध ओतून देऊ नका, घड्याळ पाहा : स्तनपान आणि मद्य

एखाद्या समारंभात वाइनचा एक ग्लास घेतलेली, बाळाला अंगावर पाजणारी आई घरी आल्यावर बऱ्याचदा आधी पंप शोधते. दारू प्यायली म्हणजे दूध 'खराब' झालं, ते काढून बेसिनमध्ये ओतलं की पुढचं दूध स्वच्छ येईल, असा सल्ला तिला कोणीतरी दिलेला असतो. याला 'पंप अँड डंप' म्हणतात. या सल्ल्यामुळे मेहनतीने काढलेलं दूध वाया जातं. त्याहून वाईट म्हणजे, दूध काढून टाकलं की लगेच पाजायला हरकत नाही, असा खोटा दिलासा आईला मिळतो.

मद्यातला अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. त्याचा रेणू फार लहान असतो, पाण्यात सहज विरघळतो आणि रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहत नाही. त्यामुळे स्तनातल्या पेशींच्या पडद्यातून त्याची ये-जा बिनबोभाट चालते. दूध जिथे तयार होतं त्या सूक्ष्म पिशव्यांभोवती केशवाहिन्यांचं जाळं असतं. रक्तात अल्कोहोल वाढला की तो दुधात उतरतो आणि रक्तातला कमी झाला की दुधातला परत रक्तात जातो. कोणत्याही क्षणी दुधातलं प्रमाण जवळपास त्या वेळच्या रक्तातल्या प्रमाणाइतकंच असतं. अल्कोहोल दुधात साठून राहत नाही. आठ वाजता स्तनात असलेल्या दुधात अल्कोहोल असेल, पण तेच दूध न काढता अकरा वाजेपर्यंत राहिलं आणि तोवर रक्त स्वच्छ झालं असेल, तर तेही स्वच्छ झालेलं असतं.

पंप केल्याने काय होत नाही, हे यावरून कळतं. समजा, रक्तात अल्कोहोल असताना स्तन पूर्ण रिकामे केले. तरी पुढचं दूध त्याच रक्तापासून तयार होणार, म्हणजे त्यातही अल्कोहोल येणारच. शरीरातला अल्कोहोल मुख्यतः यकृत मोडतं आणि तेही ठरावीक गतीने. पंप, भरपूर पाणी, कॉफी किंवा गार पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. झोपेनेही नाही. झोपेत फक्त तेवढे तास निघून जातात.

म्हणून प्रश्न उरतो तो किती वेळ थांबायचं याचा. त्यासाठी आधी प्यालेल्या अल्कोहोलचं वजन काढावं लागतं. पेयाचे मिलिलिटर गुणिले बाटलीवर लिहिलेली टक्केवारी, भागिले 100, आणि आलेल्या संख्येला 0.79 ने गुणायचं. उत्तर ग्रॅममध्ये येतं. 12 टक्क्यांची 150 मिली वाइन म्हणजे साधारण 14 ग्रॅम. 5 टक्क्यांची 350 मिली बिअर किंवा 40 टक्क्यांचं 45 मिली मद्यही तेवढंच. वेळेचे बहुतेक हिशेब या 14 ग्रॅमला 'एक पेय' धरून केलेले असतात. साधारण 60 किलो वजनाच्या स्त्रीला असं एक पेय पूर्ण निघून जायला सव्वादोन ते अडीच तास लागतात. दोन पेयांना पाच तासांच्या आसपास, तीन पेयांना सात-साडेसात तास. स्त्री वजनाने हलकी असेल तर याहून जास्त वेळ लागतो.

सर्वाधिक चूक होते ती 'एक' म्हणजे किती यात. 40 टक्क्यांचा 60 मिलीचा पेग 19 ग्रॅमचा असतो, म्हणजे जवळजवळ दीड पेय. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली 41 ग्रॅमची, म्हणजे जवळपास तीन पेयं! 'एक बिअरच तर घेतली' असं म्हणून दोन तासांनी बाळाला पाजलं, तर त्या वेळी रक्तातला अल्कोहोल अजून बराच वर असतो. ती बाटली खऱ्या अर्थाने निघून जायला सात तास लागतील.

आता एक संध्याकाळ मांडून पाहू. आई 60 किलोची, बाळ पाच महिन्यांचं, वजन साडेसहा किलो, आणि रात्रीच्या पाजण्यांमध्ये साधारण तीन तासांचं अंतर. आईने सात वाजता बाळाला पोटभर पाजलं, स्वतः जेवायला बसली आणि सव्वासातला 150 मिली वाइन घ्यायला सुरुवात केली. हे सगळं मद्य एकदम रक्तात उतरलं असतं, तर प्रमाण दर 100 मिली रक्तात 43 मिलिग्रॅमपर्यंत गेलं असतं. यकृत पहिल्या घोटापासूनच काम करत असतं आणि तासाला 15 ते 20 मिलिग्रॅम कमी करतं, म्हणून प्रत्यक्षातला कळस त्याहून खाली राहतो. रिकाम्या पोटी हा कळस अर्ध्या ते एका तासात येतो. जेवणासोबत घेतलं तर तासा-दीड तासाने येतो आणि ठेंगणा असतो. तासाला 18 धरले तर पावणेदहाच्या सुमारास रक्त आणि दूध दोन्ही मोकळे होतात. दहाचं पाजणं नेहमीसारखं करता येतं आणि पंपाला हात लावायचं कारण पडत नाही.

वेळ पहिल्या घोटापासून मोजायची. पहिलं पेय निघून जायच्या आत दुसरं घेतलं, तर दोघांचे तास जोडून पहिल्या घोटापासून पाच तास धरायचे. पहिलं पूर्ण निघून गेल्यावर दुसरं घेतलं, तर मोजणी दुसऱ्या पेयाच्या पहिल्या घोटापासून नव्याने सुरू करायची.

पण बाळ ठरलेल्या वेळेला उठेलच असं नाही. तेच बाळ पावणेनऊला रडत उठलं तर? त्या वेळी आईच्या रक्तात दर 100 मिलीला 16 मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल उरलेला असेल. यासाठी मद्य घेण्याआधी, शक्य तर त्याच दिवशी सकाळी, 100-120 मिली दूध काढून फ्रिजमध्ये ठेवावं. पंपाचा या सगळ्यात खरा उपयोग हाच आहे : नंतर नाही, आधी. आधी काढलेलं दूध नसेल तर वरचं दूध म्हणून फॉर्म्युला देता येतो. हे दोन्ही नसेल आणि बाळ भुकेने कळवळत असेल, तर उरलेला आकडा पाहा. 120 मिली दुधातून बाळाच्या पोटात सुमारे 19 मिलिग्रॅम अल्कोहोल जाईल आणि तो त्याच्या शरीरातल्या चार लिटर पाण्यात विरघळेल. बाळाच्या रक्तातलं प्रमाण दर 100 मिलीला अर्ध्या मिलिग्रॅमच्या घरात राहील. एका पेयानंतर अशी वेळ एखाद्या रात्री आली म्हणून आईने रात्रभर स्वतःला कोसत बसू नये.

प्रमाण इतकं कमी, तर थांबायचंच कशाला? कारण नवजात बाळाचं यकृत अल्कोहोल मोडण्यात कच्चं असतं, पहिल्या काही महिन्यांत त्याची गती मोठ्यांच्या निम्म्याहूनही कमी असते. शिवाय थोड्या प्रमाणातही परिणाम दिसले आहेत. ज्युली मेनेला आणि गॅरी बोशाँ यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आयांनी मद्य घेतल्यावर पुढच्या तीन-चार तासांत बाळांनी नेहमीपेक्षा कमी दूध घेतलं. नंतरच्या प्रयोगांत बाळांची झोपही तुटक झालेली दिसली. 'इतकं चालतं' असा बाळासाठीचा खात्रीचा आकडा कोणाकडेच नाही. म्हणूनच अजिबात न पिणं सर्वांत सुरक्षित, आणि प्यायचंच तर दिवसाला एका पेयापलीकडे नाही, असा सल्ला दिला जातो. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा महिन्याभराचंही झालेलं नसेल, तर ते दर दीड-दोन तासांनी दूध मागतं. त्या दिवसांत वरचं वेळापत्रक बसतच नाही, मद्य टाळणंच बरं. झोपेची किंवा तीव्र वेदनाशामक औषधं चालू असतील तर तेव्हाही टाळावं.

पंप अँड डंप बहुतांशी चुकीचं असलं, तरी ते पूर्णपणे चुकीचं म्हणता येत नाही. दोन प्रसंगांत दूध काढावं लागतं आणि टाकावंही लागतं. पहिला प्रसंग असा : तीन पेयं झाली, बाळाला आधी काढलेलं दूध दिलं, आणि आता पाजायला अजून चार तास आहेत. स्तन दगडासारखे घट्ट होतात, दुखतात. दूध तसंच तुंबू दिलं तर गाठ होऊन सूज येऊ शकते, आणि पाजण्या वारंवार चुकल्या तर दूध आटायलाही सुरुवात होते. अशा वेळी हाताने किंवा पंपाने ताण उतरेल इतपत दूध काढावं. हे स्तनांसाठी आहे, रक्तातला अल्कोहोल त्याने कमी होत नाही.

दुसरा प्रसंग पहिल्याच्या पोटातला. स्तनातलं दूध रक्ताबरोबर स्वच्छ होतं, पण बाटलीत काढलेल्या दुधाला परतीची वाट नसते. काढतेवेळी त्यात जेवढा अल्कोहोल होता, तेवढा फ्रिजमध्येही राहतो आणि गोठवल्यावरही. म्हणून थांबण्याच्या काळात काढलेलं दूध टाकूनच द्यावं. स्वच्छ दुधाच्या बाटलीत ते चुकूनही मिसळू नये. फ्रिजमधल्या प्रत्येक बाटलीवर दूध काढल्याची वेळ लिहायची सवय असेल, तर हा गोंधळ होत नाही.

बिअरने दूध वाढतं, हाही सल्ला अनेकींना मिळतो. जवासारख्या धान्यातला काही अंश दुधाशी संबंधित प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवत असावा, पण अल्कोहोलमुळे बाळाला मिळणारं दूध उलट कमी होतं. पान्हा फुटण्यासाठी लागणारं ऑक्सिटोसिन त्याने कमी होतं, हे 2005 मध्ये मेनेला आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं. प्रोलॅक्टिन वाढल्यामुळे स्तन भरल्यासारखे वाटतात, पण पान्हा उशिरा फुटतो आणि बाळाला दूध कमी मिळतं. आईला मात्र दूध वाढलं असं वाटत राहतं. मद्य घेतल्यावर बाळ चटकन स्तन सोडून देत असेल, पुन्हा पुन्हा तोंड लावून चिडत असेल, तर आधी हे कारण तपासावं.

दुधाच्या हिशेबात एक गोष्ट सुटून जाते, आणि ती दुधातल्या अल्कोहोलपेक्षा जास्त धोक्याची आहे. मद्य घेतलेल्या आईची झोप जड होते आणि बाळ कुशीत दबलं तरी तिला जाग येत नाही. त्या रात्री बाळाला स्वतःच्या अंथरुणात किंवा सोफ्यावर जवळ घेऊन झोपू नये. ही गोष्ट बाबालाही लागू आहे. बाळाला स्वतंत्र, सपाट जागी उताणं झोपवावं. घरातल्या मोठ्यांपैकी त्या रात्री मद्याला हात न लावणारं कोण, हे बाटली उघडण्याआधी ठरवावं, आणि बाळाला उचलणं, अंघोळ घालणं, रात्री उठून बघणं त्याच्याकडे सोपवावं.