रात्री झोपेची गोळी घेतली, तर पहाटे गाडी चालवावी का?

कापसाचा हंगाम लागला की आमच्या काउंटरवर हा प्रश्न हमखास येतो. उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: गोळी कोणती आणि ती घेतली किती वाजता.

झोलपिडेम 10 मिलिग्रॅमचं बघू. उपाशीपोटी घेतल्यावर साधारण दीड तासात रक्तातलं तिचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं, सरासरी 120 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास. पुढे दर अडीच तासांनी ते निम्मं होत जातं. 50 च्या वर असेल तर गाडी चालवण्यावर परिणाम होऊ शकतो, असं अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2013 मध्ये बजावलं.

समजा, एका कास्तकाराने रात्री अकराला गोळी घेतली आणि पहाटे चारला मेटॅडोर भरून हिंगणघाटच्या मार्केटला निघायचं आहे. साडेबाराला 120, तीनला 60, चारला 45 च्या थोडं वर. म्हणजे अगदी काठावर, आणि हा हिशेब सरासरी माणसाचा आहे. जेवणावर लगेच घेतलेली गोळी उशिरा चढते, मग उतरतेही उशिरा. तोच भाऊ रात्रीचं ओलीत आटोपून एक वाजता गोळी घेत असेल, तर चारला त्याच्या रक्तात 80 च्या आसपास औषध असेल. अशा वेळी स्टेअरिंगवर बसूच नये.

बायकांच्या शरीरातून हे औषध हळू बाहेर पडतं. म्हणून 2013 मध्येच त्यांचा सुचवलेला डोस 10 वरून 5 वर आणला गेला. वयस्कांना आणि लिव्हरचा त्रास असणाऱ्यांनाही कमीच डोस लागतो.

साध्या झोलपिडेमनंतर सात-आठ तासांची पूर्ण झोप मिळणार नसेल तर ती त्या रात्री घेऊ नका. पाकिटावर 'सीआर' लिहिलं असेल, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी असेल, तर दुसऱ्या दिवशी गाडी चालवूच नका. झोपिक्लोन 7.5 चा परिणाम दहा-अकरा तासांनीही गाडीवर दिसतो. क्लोनाझेपाम निम्मं व्हायलाच 30 ते 40 तास लागतात, तिथे एका रात्रीचा हिशेब पुरत नाही. सोबत दारू घेतली असेल तर वरचा कोणताच आकडा धरू नका.

सगळ्यात फसवी गोष्ट अशी की माणसाला स्वतःला तरतरीत वाटतं. चहाने डोळे उघडतात, पण रक्तातलं औषध कमी होत नाही. सरळ रस्त्यावर गाडी पुन्हा पुन्हा कडेला सरकते, धुक्यात पुढची बिनदिव्याची ट्रॉली उशिरा दिसते, ब्रेकवर पाय उशिरा जातो. असं जाणवलं तर गाडी तिथेच बाजूला घ्या आणि दुसऱ्याला चालवू द्या.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा सकाळी किती वाजता गाडी काढावी लागते ते आधी सांगा. गोळी किंवा डोस बदलता येतो. रोजची गोळी मात्र मनाने एकदम बंद करू नका. क्लोनाझेपामसारखी गोळी अचानक सोडली तर झटके येऊ शकतात.