वर्गांची बेरीज: दोन शीतगृहं एक होतात तेव्हा काय मोजायचं?

तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याचा हंगाम आटोपला की माल शेडवरून उचलून कोल्ड स्टोरेजला जातो. पंधरा-पंधरा किलोचे बॉक्स तिथे महिनोन्महिने राहतात. दर बरा वाटला की शेतकरी थोडा माल सौद्याला काढतो आणि उरलेल्यावर तारण कर्ज घेतो. ठेवणाऱ्याला भाड्याइतकीच चिंता जागेची असते. म्हणून अमुक दोन कोल्ड एकाच मालकाकडे जाणार अशी कुजबुज झाली की अडत्यांच्या पेढीवर पहिला प्रश्न येतो, ‘आता भाडं वाढणार का?’ जगभरातले स्पर्धा कायदे हाच प्रश्न विचारतात, आणि त्याच्या पहिल्या उत्तरासाठी जो आकडा वापरतात त्याचा इतिहास बराच वाकडातिकडा आहे.

आधी आलं केंद्रीकरण गुणोत्तर. धंद्यातल्या सर्वांत मोठ्या चार कंपन्यांचे हिस्से घ्यायचे आणि बेरीज करायची, एवढंच. अमेरिकेत महामंदीनंतर मोठ्या कंपन्यांच्या ताकदीवर वाद पेटला होता. तेव्हा 1935 च्या उत्पादन गणनेतून असे आकडे काढले गेले आणि त्या दशकाच्या अखेरीस ते सरकारी अहवालांत झळकले. पण चारच कंपन्या का? यामागे अर्थशास्त्राचा फार मोठा सिद्धांत नव्हता. गणनेत दिलेली माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन होतं, त्यामुळे एकट्यादुकट्या कंपनीचा आकडा उघड करता येत नव्हता. चौघांची एकत्र बेरीज दिली की कोणाचं किती ते कळत नाही. म्हणजे ज्या आकड्यावर पुढे न्यायालयांत खल झाला, त्याचा आकार बराचसा सरकारी खात्याच्या सोयीतून ठरला होता.

या बेरजेत काय हरवतं ते आपल्याच पट्ट्यावर पाहू. पुढचे आकडे कल्पित आहेत, कोणत्याही खऱ्या कोल्डचे नाहीत. समजा, या भागात आठ मालक आहेत आणि साठवणुकीतले त्यांचे हिस्से असे: एकाचे 30 टक्के, दुसऱ्याचे 20, तिसऱ्याचे 15, दोघांचे प्रत्येकी 10 आणि तिघांचे प्रत्येकी 5. पहिल्या चौघांची बेरीज 75. आता 15 वाल्याने एका 10 वाल्याला विकत घेतलं, तर पहिले चौघे होतील 30, 25, 20 आणि 10, म्हणजे 85. त्याऐवजी 30 वाल्याने 20 वाल्याला घेतलं तर? 50, 15, 10, 10. पुन्हा 85. पहिल्या व्यवहारात तिसरा आणि चौथा एकत्र आले, दुसऱ्यात निम्मा बाजार एका हातात गेला, आणि मोजपट्टीला दोन्ही सारखेच दिसले.

ही उणीव भरून काढणारी युक्ती वेगळ्याच वाटेने आली. आल्बर्ट हर्शमन हा बर्लिनमध्ये जन्मलेला, नाझी राजवटीमुळे देश सोडलेला अर्थतज्ज्ञ. जर्मनीने आग्नेय युरोपातल्या लहान देशांचा व्यापार स्वतःकडे ओढून त्यांना कसं मुठीत धरलं, हे त्याला दाखवायचं होतं. त्यासाठी एखाद्या देशाचा व्यापार किती थोड्या देशांवर टेकला आहे हे मोजणं भाग होतं. 1945 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने प्रत्येक हिश्श्याचा वर्ग केला, वर्गांची बेरीज केली आणि तिचं वर्गमूळ काढलं. ऑरिस हर्फिंडाल याने 1950 मध्ये कोलंबिया विद्यापीठात अमेरिकी पोलाद उद्योगावर प्रबंध लिहिताना हीच बेरीज वर्गमुळाशिवाय वापरली. हर्शमनचं आधीचं काम त्याने नमूद केलं होतं. तरीही वापरणाऱ्यांच्या तोंडी हर्फिंडालचंच नाव बसलं. शेवटी 1964 मध्ये हर्शमनने एक छोटं टिपण लिहून पितृत्वाचा दावा मांडला, आणि जग निष्ठुर आहे अशा अर्थाच्या शेऱ्यावर ते संपवलं. आता बऱ्याच ठिकाणी दोघांचीही नावं जोडून लिहितात.

वर्ग करण्याने काय साधतं? मोठ्या हिश्श्याला जास्त वजन मिळतं. 5 चा वर्ग 25, पण 30 चा 900. आपल्या आठ कोल्डची बेरीज अशी: 900, 400, 225, दोनदा 100 आणि तीनदा 25, मिळून 1800. ही बेरीज म्हणजेच निर्देशांक. सगळा बाजार एकाकडे असेल तर तो 10,000 होतो. 10,000 ला निर्देशांकाने भागलं की सारख्या आकाराचे किती स्पर्धक असल्यासारखा हा बाजार आहे ते कळतं. इथे उत्तर साडेपाचच्या आसपास येतं. नावं आठ असली तरी स्पर्धा साडेपाचांची.

विलीनीकरणासाठी तर सगळी बेरीज पुन्हा करायचीही गरज नाही. एकत्र येणाऱ्या दोघांच्या हिश्श्यांचा गुणाकार करून दुप्पट करायचा, की वाढ मिळते. 15 आणि 10 एकत्र आले तर 300, निर्देशांक 2100. 30 आणि 20 एकत्र आले तर 1200, निर्देशांक 3000. चौघांच्या बेरजेला जो फरक दिसलाच नव्हता तो इथे चौपटीने दिसतो. शिवाय आकड्यांची जुळवाजुळव करणाऱ्याला एक मोठी सवलत आहे. लहान लोकांचे नेमके हिस्से कळले नाहीत तरी फार बिघडत नाही. शेवटचे 15 टक्के तिघांकडे असोत की पंधरा जणांकडे, बेरजेत फरक पडतो तो 75 आणि 15 मधला, म्हणजे अवघा 60.

तरीही कायद्याच्या दारात हा निर्देशांक पोहोचायला बरीच वर्षं लागली. 1968 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने विलीनीकरणाची पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली ती चौघांच्या बेरजेवरच. बेरीज 75 टक्के किंवा जास्त असेल, तर 4 टक्केवाल्याने दुसऱ्या 4 टक्केवाल्याला घेतलं तरी खातं सहसा आक्षेप घेणार. त्या काळचं वारंच तसं होतं. 1966 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या दोन किराणा साखळ्यांचं विलीनीकरण सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं, तेव्हा दोघांचा मिळून हिस्सा साडेसात टक्क्यांच्या आसपास होता. दरम्यान 1964 मध्ये अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलरने विक्रेते संगनमत कधी टिकवू शकतात याचा सिद्धांत मांडला, आणि त्यातून वर्गांच्या बेरजेला निव्वळ गणिती सोयीपलीकडचं कारण मिळालं. विल्यम बॅक्स्टर न्याय खात्याच्या मक्तेदारीविरोधी विभागाचे प्रमुख असताना 1982 मध्ये नवी तत्त्वं आली आणि चौघांच्या बेरजेची जागा हर्फिंडालच्या निर्देशांकाने घेतली. विलीनीकरणानंतर निर्देशांक 1000 च्या खाली असेल तर सहसा आक्षेप नाही. 1800 च्या वर असेल आणि वाढ 100 किंवा जास्त असेल तर आक्षेपाची दाट शक्यता. मधल्या पट्ट्यात इतर गोष्टी पाहून निर्णय.

या रेषा कुठे ओढायच्या हे गणित सांगत नाही. ती त्या-त्या काळच्या धोरणाची गोष्ट. 2010 मध्ये अमेरिकेने रेषा सैल केल्या: वरची 2500 वर नेली, आणि विलीनीकरण घातक असल्याचं गृहीत धरायला वाढ 200 हून अधिक लागू लागली. 2023 च्या अखेरीस त्या पुन्हा 1800 आणि 100 वर आणल्या. आपल्या 15 आणि 10 च्या व्यवहाराला याच फूटपट्ट्या लावून बघा. 1968 ला अडला असता, 1982 ला बहुधा अडला असता. 2010 ला 2100 हा मध्यम केंद्रित बाजार धरून फक्त बारकाईने तपासला गेला असता, आणि 2023 नंतर पुन्हा संशयाच्या पिंजऱ्यात. दोन 5 वाल्यांचा व्यवहार तर त्याहून बोलका आहे. वाढ फक्त 50, पण 1968 च्या नियमाने तोही आक्षेपार्ह आणि 2010 च्या नियमाने निर्धास्त.

मला विचाराल तर रेषेपेक्षा जास्त गफलत तिच्या आधीच होते, बाजार किती मोठा धरायचा इथे. 1982 च्या तत्त्वांनीच त्यासाठी एक कसोटी घालून दिली. तिचं आपल्याकडचं रूप असं: तासगाव, सांगली, मिरज भागातले सगळे कोल्डवाले एक झाले आणि त्यांनी भाडं पाच टक्क्यांनी वाढवलं, तर पुरेसे शेतकरी आणि व्यापारी माल पंढरपूरला किंवा विजयपूरला हलवतील का? टेम्पोचं भाडं, हमाली आणि सौद्यापासूनचं अंतर जमेस धरूनही हलवणार असतील, तर बाजार आठ जणांचा नाही. समजा, तिकडे आपल्यासारखेच आणखी आठ मालक आहेत. मग प्रत्येकाचा हिस्सा निम्मा होतो, 15 चे साडेसात आणि 10 चे 5. वाढ 300 वरून 75 वर येते, आणि विलीनीकरणानंतरचा निर्देशांक 2100 ऐवजी 975. व्यवहार तोच, पण अगदी 1982 ची कडक रेषासुद्धा त्याला हात लावणार नाही. म्हणून विलीन होणाऱ्यांचे वकील नेहमी नकाशा मोठा करतात आणि आक्षेप घेणारे लहान करतात.

दुसरी गफलत मालकीची. वेगवेगळ्या नावांच्या संस्था एकाच घराच्या असणं आपल्याकडे नवं नाही. वरच्या आठांपैकी एक 10 वाला आणि दोन 5 वाले एकाच कुटुंबाच्या ताब्यात निघाले, तर ते 20 चा एकच स्पर्धक धरावे लागतील आणि निर्देशांक कोणतंही विलीनीकरण न होताच 1800 वरून 2050 वर जाईल. पाटीवरची नावं मोजून काढलेला आकडा अशा वेळी फसवतो.

भारतात 1969 च्या मक्तेदारी कायद्याची जागा 2002 च्या स्पर्धा कायद्याने घेतली, आणि विलीनीकरणाच्या तरतुदी 1 जून 2011 पासून लागू झाल्या. भारतीय स्पर्धा आयोग आपल्या आदेशांत हा निर्देशांक आणि त्यातली वाढ तपासतो, पण अमेरिकेसारख्या आकड्यांच्या रेषा कायद्यात नाहीत. कलम 20 मध्ये प्रवेशातले अडथळे, आयातीची स्पर्धा, समोरच्याची प्रतिकारशक्ती अशा बाबींची यादी आहे आणि त्या एकत्र तोलायच्या असतात. ज्या उद्योगाची खरेदी होते त्याची भारतातली मालमत्ता 450 कोटी किंवा उलाढाल 1250 कोटी रुपयांपर्यंतच असेल, तर व्यवहार सर्वसाधारणपणे आयोगाला कळवावाही लागत नाही. शीतगृहांचा तालुक्यातला व्यवहार या रकमांच्या आसपासही फिरकत नाही. म्हणजे निर्देशांक 3000 झाला तरी दिल्लीत आधी कोणी विचारणार नाही. नंतर भाड्यात मनमानी झाली तर वर्चस्वाच्या गैरवापराची तक्रार करता येते, पण तिथेही पहिला वाद बाजाराच्या हद्दीचाच.

आणि हिस्सा काढायचा कशावरून, हेही आधी ठरवावं लागतं. परवान्यावरची क्षमता एक असते, हंगामात प्रत्यक्ष ठेवलेले बॉक्स वेगळे. एप्रिल-मेमध्ये सगळे कोल्ड तुडुंब भरलेले असताना ज्याच्याकडे रिकामी चेंबर आहे त्याचाच भाव चालतो, आणि वर्षाच्या सरासरीवर काढलेल्या हिश्श्यात ती गोष्ट दिसत नाही. बेदाण्याबरोबर हळद, चिंच, गूळही त्याच छपराखाली ठेवला जात असेल तर ती जागा मोजायची की वगळायची, हे दुसऱ्या मालाला काढून तिथे बेदाणा किती लवकर लावता येतो यावर ठरतं. तेवढी माहिती कोल्डच्या आवक-जावक नोंदवहीत असते.